न जुळणारे गुणोत्तर : बेंझॉइक आम्ल, दोन द्रव आणि जोडीने राहणारे रेणू

अणू खरोखर असतात की ती केवळ हिशेबाची सोय आहे, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील रसायनशास्त्रज्ञ अतिशय कडवटपणे भांडत होते. या भांडणात अणुविरोधकांच्या बाजूने उभा असलेला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे पॅरिसचा मार्सेलँ बर्थेलो. गंमत अशी की रेणूंविषयीचा एक नेमका पुरावा ज्या पद्धतीतून पुढे आला, ती पद्धत घालून दिली ती याच बर्थेलोने. आजचा धागा त्या पद्धतीविषयी, आणि तिच्यातल्या न जुळलेल्या तीन आकड्यांविषयी.

बर्थेलो १८६५ पासून कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होता. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहराच्या संरक्षणासाठी नेमलेल्या वैज्ञानिक समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. पुढे तो फ्रान्सचा शिक्षणमंत्री झाला, परराष्ट्रमंत्रीही झाला. अणुभारांवर आधारलेली सूत्रे इतरत्र रुळल्यानंतरही तो कित्येक वर्षे जुन्या ‘समतुल्य भारां’च्या पद्धतीलाच चिकटून राहिला, त्या पद्धतीत पाण्याचे सूत्र HO असे लिहीत. जे तराजूवर तोलता येते तेवढेच मानायचे, ही त्याची भूमिका. तिला केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण रेणू कोणी पाहिलेला नव्हता हे खरेच होते.

या बर्थेलोने आपला शिष्य एमिल युंगफ्लाइश याच्यासह १८७२ मध्ये एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एका भांड्यात आहेत, आणि दोघांतही विरघळणारा एखादा पदार्थ त्यांत टाकला आहे. भांडे जोराने हलवून स्थिर ठेवले, तर त्या पदार्थाची वाटणी दोन द्रवांत कशी होते? ज्याची विरघळवण्याची शक्ती अधिक, तो द्रव सगळाच पदार्थ ओढून घेतो काय?

उत्तर ‘नाही’ असे निघाले. दोन्ही द्रव आपापला वाटा घेतात, आणि समान आकारमानात मावलेल्या पदार्थाचे गुणोत्तर ठरलेले राहते. एक द्रव कमी घेतला आणि दुसरा जास्त, तरी ते गुणोत्तर बदलत नाही. या गुणोत्तराला त्यांनी वाटणीचा गुणांक म्हटले; मराठी पाठ्यपुस्तकांत तोच ‘विभाजन गुणांक’ किंवा ‘वितरण गुणांक’ या नावाने येतो.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आयोडीनचे आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कार्बन डायसल्फाइड. हा दुसरा द्रव पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तो तळाशी बसतो. आयोडीन त्यात गडद जांभळे दिसते आणि वरच्या पाण्यात फिकट तपकिरी-पिवळे. नुसत्या रंगावरूनच वाटणी किती विषम आहे हे कळते. मोजल्यावर असे आढळले की १० घन सेंटिमीटर कार्बन डायसल्फाइडमध्ये १.७४ ग्रॅम आयोडीन असताना तेवढ्याच पाण्यात ते ०.००४१ ग्रॅम होते. गुणोत्तर सुमारे ४२०. आयोडीन कमी करत नेले आणि जांभळ्या थरात ०.४१ ग्रॅम उरले, तेव्हा पाण्यात ०.००१० ग्रॅम होते, गुणोत्तर ४१०. एकूण आयोडीन चौपटीहून अधिक घटले, तरी गुणोत्तर जवळजवळ तेच राहिले.

येथे घटकाभर थांबायला हवे, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांत जो धोका ओळखीचा असतो तोच या आकड्यांतही दडलेला आहे. नंतरच्या अधिक काटेकोर मोजणीत हे गुणोत्तर ४१० नव्हे, तर ६०० च्या आसपास निघाले. आयोडीन पाण्यात मुळात विरघळतेच फार थोडे, एका लिटरमध्ये सुमारे ०.३ ग्रॅम. बर्थेलो-युंगफ्लाइश यांचा ०.००४१ ग्रॅमचा आकडा लिटरमागे ०.४१ ग्रॅम होतो, म्हणजे पाण्याच्या मर्यादेपलीकडचा. मग पाण्यात आयोडीन जास्त दिसते कशामुळे? अशा मोजणीतला नेहमीचा संशयित म्हणजे डोळ्यांना न दिसणारे थेंब. भांडे हलवल्यावर जांभळ्या द्रवाचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. १० मिलिलिटर पाण्यात त्या द्रवाचा एक शतांश मिलिलिटरहूनही छोटा अंश राहिला, तर ६०० चे ४१० व्हायला तेवढा पुरतो. त्यातही फसवी बाब अशी की दर खेपेला साधारण तेवढाच द्रव मागे राहिला, तर चूकही आयोडीनच्या प्रमाणात वाढते वा घटते, आणि चुकीचे गुणोत्तरसुद्धा सुरेख स्थिर दिसते. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही. चौघांनी ती एकाच ठिकाणी ऐकलेली असू शकते.

म्हणून आजही या प्रयोगातले निम्मे कौशल्य थर वेगळे करण्यात आहे. प्रयोगशाळेत त्यासाठी सेपरेटिंग फनेल वापरतात : पेरूच्या आकाराचे काचेचे भांडे, वर घट्ट बूच, खाली तोटी आणि तिच्याखाली निमुळती नळी. दोन्ही द्रव आणि पदार्थ आत घालून बूच दाबून धरायचे, भांडे उलटे करून हलवायचे आणि मधूनमधून नळी कोणाच्याही चेहऱ्याकडे नाही हे पाहून तोटी किंचित उघडायची. बाष्पशील द्रवाची वाफ आत दाब वाढवते. ती सोडली नाही तर बूच उडते. हे अर्धा तास तरी चालते, कारण वाटणी पूर्ण होण्याआधी मोजलेले गुणोत्तर निरर्थक असते. ती पूर्ण झाली की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे : आणखी दहा मिनिटे हलवून पुन्हा मोजावे, आकडा सरकला तर काम अपुरे होते. तपमानही एकच राखावे लागते.

मग भांडे उभे ठेवून थर स्वच्छ होईपर्यंत वाट पाहायची. घाई करणाऱ्याला दोन थरांच्या मध्ये दुधाळ पट्टा दिसतो. तो दिसत असताना तोटी उघडणे म्हणजे एक थर दुसऱ्यात मिसळून मोजणे. बूच काढल्याशिवाय खालचा द्रव नीट उतरत नाही, हे प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी कळते. खालचा थर काढताना नळीत अडकलेले पहिले थेंब टाकून द्यायचे. दोन थरांच्या सीमेजवळचा थोडा द्रवही टाकून द्यायचा. तो कोणाचाच नसतो.

आता १८९१ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेनला जाऊ. वाल्टर नेर्न्स्ट त्या वर्षी सत्तावीस वर्षांचा झाला. लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्डच्या हाताखाली काम करून तो नुकताच येथे आला होता. पुढे १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, ते उष्मारसायनातील कामासाठी. येथे आपला संबंध त्याच्या उमेदवारीच्या काळातल्या एका लेखाशी आहे. त्याच्या आधी काही वर्षे डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ याने एक धाडसी कल्पना मांडली होती : विरळ द्रावणात विरघळलेला पदार्थ बराचसा वायूसारखा वागतो. नेर्न्स्टने ही कल्पना दोन थरांना लावली. वायू आणि द्रव यांच्यातील वाटणीचे गुणोत्तर ठरलेले असते हे हेन्रीच्या नियमामुळे माहीत होतेच. मग दोन द्रवांतही ते ठरलेले असावे. मात्र एका अटीवर. दोन्ही बाजूंचे रेणू एकाच प्रकारचे असले पाहिजेत.

ही अट बर्थेलोच्या नियमात नव्हती, आणि असण्याचा संभवही नव्हता. जो रेणू मानतच नाही, तो रेणूच्या प्रकाराविषयी अट कशी घालणार? बर्थेलो आणि युंगफ्लाइश यांनाही गुणांक काही वेळा द्रावणाच्या तीव्रतेप्रमाणे बदलताना दिसला होता, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे नोंदवले होते. पण तो का बदलतो हे विचारण्याची भाषा त्यांच्या चौकटीत नव्हती.

नेर्न्स्टने निवडले बेंझॉइक आम्ल. अनेक लोणच्यांत आणि सरबतांत टिकाऊपणासाठी जे सोडियम बेंझोएट घालतात, त्याचे हे मूळ आम्ल. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेंझिन. बेंझिन हलके, म्हणून ते वर तरंगते. तपमान २० अंश सेल्सिअस. प्रत्येक वेळी दोन्ही थरांतील १० घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम आम्ल आहे, हे मोजायचे.

पहिल्या मोजणीत पाण्यात ०.०१५० आणि बेंझिनमध्ये ०.२४२ ग्रॅम. दुसरीत पाण्यात ०.०१९५, बेंझिनमध्ये ०.४१२. तिसरीत पाण्यात ०.०२८९, बेंझिनमध्ये ०.९७०.

जुन्या नियमाप्रमाणे पाण्यातील आकड्याला बेंझिनमधील आकड्याने भागू. पहिले उत्तर ०.०६२, दुसरे ०.०४८, तिसरे ०.०३०. गुणोत्तर निम्म्यावर आले. ही मोजणीतली ढिलाई म्हणावी तर फरक फार मोठा आहे, आणि तो एकाच दिशेने सरकतो आहे. आम्ल वाढेल तसतसे ते पाण्यापेक्षा बेंझिनकडे अधिकाधिक झुकते आहे. नियम कोसळला, असेच कोणीही म्हणाले असते.

पहिली आणि तिसरी मोजणी शेजारी ठेवली की मात्र एक वेगळाच आकृतिबंध दिसतो. पाण्यातील आम्ल ०.०१५० वरून ०.०२८९ वर गेले, म्हणजे जवळपास दुप्पट. बेंझिनमधील आम्ल ०.२४२ वरून ०.९७० वर गेले, म्हणजे चौपट. एकीकडे दुप्पट, दुसरीकडे चौपट. म्हणजे बेंझिनमधील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या वर्गाबरोबर वाढते आहे. तेव्हा बेंझिनच्या आकड्याऐवजी त्याच्या वर्गमुळाने भागून पाहावे. ०.२४२ चे वर्गमूळ ०.४९२, त्याने ०.०१५० ला भागले की ०.०३०५. दुसऱ्या मोजणीतून ०.०३०४. तिसरीतून ०.०२९३. विस्कटलेले आकडे रांगेत उभे राहिले.

पण वर्गमूळच का? आकडे जुळतात म्हणून कोणतेही सूत्र लावणे ही युक्ती झाली, स्पष्टीकरण नव्हे. नेर्न्स्टचे स्पष्टीकरण असे. पाण्यात बेंझॉइक आम्लाचे रेणू सुटे असतात. बेंझिनमध्ये त्यांतील बहुतेक दोन-दोन जोडलेले असतात. पाणी आणि बेंझिन यांच्यातील वाटणी ठरते ती फक्त सुट्या रेणूंची, कारण दोन्ही बाजूंना आढळणारा तोच एक प्रकार. म्हणजे बेंझिनमधील सुटे रेणू पाण्यातील रेणूंच्या ठरावीक प्रमाणात राहतात, जुना नियम येथे अबाधित आहे. पण जोडी जमायला दोन सुटे रेणू भेटावे लागतात. सुटे दुप्पट झाले की अशा भेटी चौपट होतात, आणि जोड्याही चौपट. बेंझिनमध्ये आपण जे मोजतो ते बहुतांशी जोड्यांचेच आम्ल असते. म्हणून तो आकडा वर्गाने वाढतो, आणि त्याचे वर्गमूळ घेतले की सुट्या रेणूंचा माग लागतो. तीन-तीनचे गट झाले असते तर वर्गमुळाऐवजी घनमूळ लागले असते. कोणते मूळ लागते यावरून गटात किती जण आहेत ते कळते.

या निष्कर्षाला एक स्वतंत्र आधार होता. फ्रान्समधील राऊल्ट याने १८८० च्या दशकात विद्राव्य पदार्थामुळे बेंझिनचा गोठणबिंदू किती उतरतो हे तपासले होते, आणि सेंद्रिय आम्लांच्या बाबतीत तो अपेक्षेच्या निम्म्यानेच उतरत होता. कण अपेक्षेच्या निम्मे असतील तरच असे घडेल. एक पद्धत थंड करून मोजणारी, दुसरी हलवून वाटणारी. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी साक्ष एकच. आयोडीनच्या आकड्यांतील एकमत आणि हे एकमत यांतला भेद लक्षात घेण्यासारखा आहे : येथे दोघे साक्षीदार वेगवेगळ्या गावचे आहेत.

तिसरा आकडा ०.०२९३ पहिल्या दोघांपेक्षा किंचित खाली का? एक कारण पाण्याच्या बाजूला आहे. पाण्यात आम्लाचा थोडा भाग आयनांत विभागला जातो. आयन बेंझिनमध्ये जात नाहीत, म्हणून वाटणीच्या हिशेबात ते धरता येत नाहीत. आज ज्ञात असलेल्या स्थिरांकावरून पाहिले तर पहिल्या मोजणीत सुमारे सात टक्के आम्ल आयनरूपात होते, दुसरीत सहा, आणि तिसऱ्या, अधिक तीव्र द्रावणात पाच. तेवढा भाग वजा करून भागाकार पुन्हा केला, तर आकडे ०.०२८४, ०.०२८५ आणि ०.०२७९ असे येतात. फरक बराच आखडतो. उरलेल्या तफावतीलाही जागा आहे : तिसऱ्या मोजणीत पाणी आम्लाने जवळजवळ तृप्त झालेले होते, आणि हा सारा युक्तिवाद विरळ द्रावणांचा आहे. उलट टोकाला, बेंझिनमध्ये आम्ल फारच थोडे ठेवले तर जोड्या सुटू लागतात आणि वर्गमुळाचा नियमही ढळतो. म्हणजे हे सूत्र मधल्या पट्ट्यातच चालते.

महाराष्ट्रातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग ‘बेंझॉइक आम्लाची रेण्वीय अवस्था’ अशा काहीशा मथळ्याखाली भेटतो. बेंझिन कर्करोगकारक ठरल्यामुळे त्याच्या जागी टोल्युइनसारखा द्रव वापरणे शहाणपणाचे. जोड्या त्यातही जमतात. नेर्न्स्टच्या पहिल्या मोजणीएवढे आम्ल असेल, तर पाण्याच्या थरातील १० मिलिलिटरला ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे १२.३ मिलिलिटर लागेल आणि वरच्या थरातील तेवढ्याच द्रवाला दहापट तीव्र द्रावण सुमारे १९.८ मिलिलिटर. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग दिसला की थांबायचे. पण वरच्या थराचे मोजताना पाणी घालून फ्लास्क सतत जोराने हलवावा लागतो. नाहीतर पाण्याचा भाग गुलाबी होतो, विद्यार्थी आकडा टिपतो, आणि बरेचसे आम्ल वरच्या द्रवातच दडून राहते. रंग अर्ध्या मिनिटात उडाला तर समजावे की आम्ल अजून खाली उतरते आहे.

जोड्या का जमतात हे मात्र नेर्न्स्टच्या काळी सांगता येत नव्हते. दोन कण एकत्र आहेत एवढेच आकडे म्हणत होते. त्यांना धरून काय ठेवते ते नाही. त्यासाठी हायड्रोजन बंधाची कल्पना यावी लागली. लॅटिमर आणि रोडबुश या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती १९२० मध्ये मांडली. बेंझॉइक आम्लाच्या रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजनचे दोन अणू आणि हायड्रोजनचा एक अणू असा गट असतो. दोन रेणू ही टोके समोरासमोर आणतात, प्रत्येकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे झुकतो, आणि दोन बंधांनी जोडी बांधली जाते. पाण्यात ही जोडी टिकत नाही, कारण तेथे प्रत्येक टोकाशी बंध करायला भोवतालचे पाण्याचे रेणू तयार असतात. बेंझिनमध्ये तसे कोणी नसते, म्हणून आम्लाचे रेणू एकमेकांनाच धरतात.

बर्थेलो १९०७ मध्ये पत्नी सोफी हिच्या मृत्यूनंतर काही तासांतच वारला, आणि दोघांचे दफन पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये झाले. १९५५ मध्ये सिम, रॉबर्टसन आणि गुडविन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने बेंझॉइक आम्लाच्या स्फटिकाची अंतर्रचना प्रसिद्ध केली. स्फटिकातील रेणू दोन-दोनच्या जोडीने, टोकाला टोक लावून मांडलेले होते.